खेळणाऱ्याचा पहिला फोन: अँड्रॉइड की आयफोन?

२ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेला बीजीएमआय, भारतात अँड्रॉइड फोनवर अधिकृतपणे आला. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात पबजी मोबाइलवर बंदी आली होती आणि तेव्हापासून हजारो मुलं या खेळाची वाट पाहत होती. ज्यांच्याकडे अँड्रॉइड होता ती त्याच दिवशी मैदानात उतरली. ज्यांच्याकडे आयफोन होता त्यांना १८ ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं. त्या दीड महिन्यात जगातल्या सर्वात वेगवान मोबाइल प्रोसेसरांपैकी एक खिशात असूनही त्यांना मित्रांबरोबर एकही सामना खेळता आला नाही.

खेळण्यासाठी पहिला फोन घेणाऱ्याने ही घटना ध्यानात ठेवावी. दुकानात गेलं की बोलणं प्रोसेसरपासून सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. कोणती चिप, तिचा स्कोअर किती, याची चर्चा तासभर चालते. पण फोनवर कोणता खेळ येईल, तो किती फ्रेमने चालेल, त्यात घातलेले पैसे पुढच्या फोनवर येतील का आणि मध्येच कुणाचा कॉल आला तर काय होईल, हे सगळं मुख्यतः ऑपरेटिंग सिस्टम आणि तिच्याभोवतीचे नियम ठरवतात. आजच्या वीस-पंचवीस हजारांच्या फोनमधली चिपही बहुतेक खेळांना पुरते. त्यामुळे पैसे मोजण्याआधी या बाकीच्या गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

फ्रेमची परवानगी कोण देतो?

खेळातलं चित्र म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका. यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम आल्या तर प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंद स्क्रीनवर राहते. ९० फ्रेमला हा वेळ ११.१ आणि १२० ला ८.३ मिलिसेकंद होतो. कोपऱ्यातून शत्रू बाहेर आला तर तो तुम्हाला किती लवकर दिसेल, हे काही अंशी याच वेळावर अवलंबून असतं. नेमबाजीच्या खेळात हा फरक बोटांना जाणवतो. लुडो, बुद्धिबळ किंवा शेतीच्या खेळात तो जाणवत नाही.

या फ्रेमपुढे तीन दारं असतात आणि तिन्ही उघडावी लागतात. पहिलं दार स्क्रीनचं. स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच बदलत असेल, म्हणजे ६० हर्ट्झची असेल, तर चिप कितीही दमदार असली तरी त्यापुढे काही दिसणार नाही. या बाबतीत अँड्रॉइडवाले बरेच आधी पुढे गेले. पंधरा-वीस हजारांच्या अँड्रॉइड फोनमध्ये १२० हर्ट्झची स्क्रीन आता सर्रास मिळते. आयफोनमध्ये ती २०२१ मध्ये १३ प्रोपासून आली, पण अनेक वर्षं फक्त प्रो मॉडेलांपुरती राहिली. साध्या मॉडेलला ती सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ पासून मिळाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ५९,९०० रुपयांना आलेल्या आयफोन १६ई ची स्क्रीन ६० हर्ट्झचीच आहे. आयफोन १३, १४, १५ आणि १६ ही साधी मॉडेलंही तशीच आहेत.

दुसरं दार ऑपरेटिंग सिस्टमचं. आयफोनवर ६० च्या पुढे जायचं असेल तर खेळ बनवणाऱ्याला ॲपमध्ये तशी स्पष्ट नोंद करावी लागते. ती नसेल तर १२० हर्ट्झच्या स्क्रीनवरही खेळ ६० वरच चालतो. प्रो मॉडेलमध्ये बॅटरी वाचवण्याचा ‘लो पॉवर मोड’ चालू केला तरी स्क्रीन ६० वर येते, हे अनेकांना ठाऊक नसतं. अँड्रॉइडमध्ये अडचण वेगळ्या जागी आहे. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून खेळाला स्क्रीनकडे ‘मला इतक्या फ्रेम हव्यात’ अशी मागणी करता येते, पण ती कितपत मान्य करायची हे फोन बनवणारी कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. डब्यावर १२० हर्ट्झ छापलेलं असतं आणि खेळ सुरू झाला की काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी स्क्रीन गुपचूप ६० वर आणतात.

हे ओळखायची सोपी युक्ती आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या ‘About phone’ भागात Build number वर सात वेळा टिचकी मारली की Developer options हा भाग खुला होतो. त्यात Show refresh rate चालू केलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा दिसू लागतो. खेळ उघडा आणि सामना चालू असताना तो आकडा पाहा. हा स्क्रीनचा वेग आहे, खेळाच्या फ्रेमचा नव्हे. पण तो ६० वर अडकला असेल तर त्यापुढच्या फ्रेम तुमच्यापर्यंत पोचत नाहीत हे नक्की.

तिसरं दार खेळ बनवणाऱ्याचं, आणि सर्वात जास्त लोक इथेच फसतात. बीजीएमआयच्या सेटिंग्जमध्ये Graphics च्या भागात Frame Rate नावाची ओळ आहे. तिथे Low, Medium, High, Ultra, Extreme असे पर्याय असतात. Extreme म्हणजे ६० फ्रेम. त्यापुढे Extreme+ म्हणजे ९० आणि Ultra Extreme म्हणजे १२०. हे शेवटचे दोन पर्याय सगळ्या फोनवर दिसत नाहीत. कंपनीने ज्या मॉडेलांना मान्यता दिली आहे त्यांच्यावरच ते उघडतात. तुमचा फोन प्रत्यक्षात ९० फ्रेम पेलू शकत असला तरी यादीत नाव नसेल तर तो पर्याय तुम्हाला मिळत नाही.

अँड्रॉइडवर या यादीला फार महत्त्व आहे. अँड्रॉइड फोनची हजारो मॉडेलं बाजारात आहेत; चिप वेगळी, चित्र रेखाटणारा भाग वेगळा, त्याचं सॉफ्टवेअर वेगळं. खेळ बनवणारे ही सगळी मॉडेलं हाताळून पाहूच शकत नाहीत. खूप विकले गेलेले आणि नामांकित फोन ते आधी तपासतात. म्हणून एकाच चिपच्या दोन अँड्रॉइड फोनवर एकाला ९० चा पर्याय दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही, असं घडतं. आयफोनची मॉडेलं मोजकी असल्याने ती सगळी तपासली जातात. तिथे तुमच्या फोनवर खेळ कसा चालेल हे आधीच सांगता येतं, मग तो ६० वर चालला तरी. अँड्रॉइडमध्ये त्याच पैशांत जास्त मिळू शकतं, पण ते तुमच्या नेमक्या मॉडेलवर मिळतं का, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

खेळ येतो कुठून?

अँड्रॉइडवर गुगलच्या प्ले स्टोअरबाहेरूनही ॲप घेता येतं. आयफोनवर भारतात ॲपलचं ॲप स्टोअर हाच एकमेव सर्वसाधारण मार्ग आहे. युरोपीय संघातल्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर दुसरी स्टोअर चालू शकतात, पण ती सोय इथल्या ग्राहकाला लागू नाही.

याचा परिणाम किती मोठा होऊ शकतो हे ‘फोर्टनाइट’ने दाखवलं. १३ ऑगस्ट २०२० रोजी एपिक गेम्सने या खेळात स्वतःची पैसे भरण्याची पद्धत घातली. ॲपल आणि गुगल दोघांनीही त्याच दिवशी तो आपापल्या स्टोअरमधून काढला. अँड्रॉइडवाल्यांनी तो एपिककडून थेट उतरवून घेतला आणि खेळत राहिले. आयफोनवाल्यांना दुसरा रस्ताच नव्हता. ज्यांच्या फोनवर तो आधीपासून होता त्यांचे अपडेट थांबले. अमेरिकेत आयफोनवर हा खेळ परत यायला मे २०२५ उजाडला. भांडण दोन कंपन्यांचं होतं आणि खेळाडू जवळजवळ पाच वर्षं बाहेर राहिले.

जुन्या गेमिंग यंत्रांचे खेळ फोनवर चालवणाऱ्या एम्युलेटर ॲपचीही कथा अशीच आहे. अँड्रॉइडवर ती ॲप कित्येक वर्षं आहेत. ॲपलने ती स्टोअरमध्ये येऊ दिली एप्रिल २०२४ मध्ये; ‘डेल्टा’ त्याच महिन्यात आलं आणि त्यानंतर पीएसपी या हातातल्या यंत्राचे खेळ चालवणारं ‘पीपीएसएसपीपी’ही आलं. पण खेळ चालू असतानाच त्याचा कोड फोनला समजेल अशा रूपात बदलण्याचं तंत्र आयफोन स्टोअरमधल्या ॲपना वापरू देत नाही. त्यामुळे गेमक्यूबसारख्या अधिक ताकदीच्या यंत्रांचे ‘डॉल्फिन’सारखे एम्युलेटर तिथे येऊ शकलेले नाहीत, अँड्रॉइडवर डॉल्फिन चालतं. एम्युलेटर वापरणं बेकायदा नाही, मात्र विकत न घेतलेल्या खेळाची प्रत इंटरनेटवरून उचलणं बेकायदा आहे.

हीच मोकळीक नुकसानही करते. बाहेरून घेतलेल्या फाइलमध्ये चोरटं सॉफ्टवेअर असू शकतं. ‘फुकट यूसी’ किंवा ‘नेम आपोआप लागेल’ असं सांगणाऱ्या बीजीएमआयच्या फाइल टेलिग्रामवर फिरतात. त्यांच्यामुळे खेळाचा आयडी तर बंद होतोच, त्याच फोनवरचं यूपीआय ॲपही धोक्यात येतं. घरातल्या लहान मुलाच्या हातात अँड्रॉइड देणार असाल तर सेटिंग्जमधली Install unknown apps ही परवानगी सगळ्या ॲपसाठी बंद ठेवा.

आयफोनच्या बाजूनेही एक मोठी जमेची गोष्ट आहे. कॉन्सोल आणि संगणकावरचे पूर्ण आकाराचे काही खेळ फोनमध्ये आधी तिथेच आले. ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ ऑक्टोबर २०२३ मध्ये, ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ त्याच डिसेंबरात, ‘डेथ स्ट्रँडिंग’ जानेवारी २०२४ मध्ये आणि ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ जून २०२४ मध्ये आयफोनवर आले. मात्र त्यांना किमान आयफोन १५ प्रो लागतो. आयफोन १४ किंवा साधा १५ घेऊन हे खेळ खेळू, असं कुणी मनात धरलं असेल तर पदरी निराशाच येईल.

आयडी कुणाच्या हातात आहे?

पहिला फोन हा शेवटचा नसतो, ही गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावी लागते. तीन वर्षांनी फोन बदलताना सगळ्यात जास्त पश्चात्ताप इथे होतो.

पैसे देऊन घेतलेला खेळ स्टोअरचा असतो. ‘माइनक्राफ्ट’ अँड्रॉइडवर विकत घेतला आणि पुढे आयफोन घेतला, तर तिथे तो पुन्हा विकत घ्यावा लागतो. उलट दिशेनेही तेच. असे पाच-सहा खेळ झाले की रक्कम लक्षात येण्याइतकी होते. ॲपल आर्केड आणि गुगल प्ले पास या महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या योजनांमधली तुमची वर्गणीही त्या त्या बाजूलाच राहते.

फुकट मिळणाऱ्या खेळांत प्रश्न लॉगिनचा असतो. खेळातली पातळी, पोशाख, बंदुकांची सजावट हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर एका आयडीशी बांधलेलं असतं. तो आयडी तुम्ही कशाने उघडलात यावर सगळं ठरतं. ‘गेस्ट’ म्हणून खेळायला बसलात तर सगळं त्या एका फोनला चिकटतं. फोन हरवला की आयडी गेला. आयफोनवर ॲपलच्या गेम सेंटरने लॉगिन केलं तर ते फक्त ॲपलच्याच यंत्रांवर आहे, अँड्रॉइडवर ते उघडणार कसं? अँड्रॉइडवरच्या गुगल प्ले गेम्सच्या लॉगिनचंही आयफोनवर तसंच होतं. म्हणून खेळ पहिल्यांदा उघडताना दोन्हीकडे चालणारं लॉगिन निवडा, किंवा नंतर खेळाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन असं दुसरं खातं जोडून ठेवा. सुपरसेलच्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’सारख्या खेळांत यासाठी सुपरसेल आयडी असतो.

आणि हे खातं मुलाच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर किंवा ईमेलवर असू द्या. चुलतभावाच्या फेसबुकवरून उघडलेला आयडी भांडण झालं की भावाचा होतो. सायबर कॅफेत किंवा मित्राच्या फोनवर उघडून तसाच सोडलेला आयडी कुणाचाही होऊ शकतो.

सामना चालू असताना

खरी परीक्षा तिसऱ्या सामन्यात होते. बीजीएमआयमधला ‘एरांगेल’ नकाशावरचा शेवटपर्यंत खेळलेला एक सामना साधारण अर्धा तास चालतो. पहिल्या दहा मिनिटांत कुठलाही नवा फोन छान चालतो. मग तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी चिपचा वेग कमी करतो. दोन्ही प्रकारचे फोन हे करतात. आयफोन तापला की स्क्रीनचा उजेडही कमी होतो आणि उन्हात बसून खेळणाऱ्याला समोरचं दिसेनासं होतं. अँड्रॉइडमध्ये काय होईल ते कंपनीवर अवलंबून आहे. फोन पारखताना सलग तीन सामने खेळा आणि पहिल्या व तिसऱ्या सामन्यातल्या शेवटच्या झटापटीत काही फरक पडतो का, हे पाहा. जाड कव्हर आधी काढून ठेवा.

चार्जरला लावून खेळलं की उष्णतेत भर पडते, कारण बॅटरी भरतानाही तापते. यावर काही अँड्रॉइड कंपन्यांनी चांगला उपाय काढला आहे: चार्जरची वीज बॅटरीत न भरता सरळ फोनला द्यायची. सॅमसंगच्या काही गॅलॅक्सी फोनमध्ये गेम बूस्टरमध्ये Pause USB Power Delivery या नावाने ही सोय आहे. त्यासाठी पीडी प्रकारचा चार्जर लागतो आणि बॅटरी २० टक्क्यांच्या वर असावी लागते. गेमिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही फोनमध्ये ती ‘बायपास चार्जिंग’ म्हणून मिळते. आयफोनमध्ये खेळताना दाबायचं असं बटण नाही. आयफोन १५ पासून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची मर्यादा घालता येते, तिचा बॅटरीच्या आयुष्याला उपयोग होतो. रोज दोन तास चार्जर लावूनच खेळणार असाल तर ही एक सोय फोनच्या निवडीत नक्की धरा.

मध्येच येणारे कॉल आणि मेसेज हा दुसरा त्रास. अँड्रॉइड १२ पासून गेम मोड मूळ प्रणालीतच आला आणि कंपन्यांनी त्यावर आपापले ‘गेम स्पेस’ चढवले. बऱ्याच फोनमध्ये खेळताना कॉल आपोआप अडवणं, सूचना लपवणं, फ्रेमचा आकडा दाखवणं ही कामं तिथून होतात. आयफोनवर गेम मोड २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर आला. तो खेळ उघडताच आपोआप चालू होतो, मागची कामं कमी करतो आणि एअरपॉड्स व गेम कंट्रोलरचा उशीर घटवतो. पण त्यात बदलण्यासारखं फारसं काही नाही.

उशिराची गोष्ट निघाली म्हणून कानाचंही सांगायला हवं. नेमबाजीच्या खेळात पावलांचा आवाज डावीकडून आला की उजवीकडून, यावर जीव वाचतो. साध्या ब्लूटूथ इअरबडमध्ये आवाज जाणवण्याइतका उशिरा पोचतो. गोळी लागल्यावर ती झाडल्याचा आवाज येतो. यावर खात्रीचा उपाय आजही वायरचा हेडफोन हाच आहे. आयफोनने हेडफोनचं गोल भोक २०१६ मध्ये, आयफोन ७ पासून काढलं. अँड्रॉइडमध्ये कमी किमतीच्या काही फोनवर ते अजून मिळतं. पहिला फोन घेणाऱ्या, खिशात मोजके पैसे असणाऱ्या मुलासाठी हा फायदा लहान नाही.

किती वर्षं साथ देईल?

आयफोन ११ हा २०१९ चा फोन. २०२५ मध्ये आलेलं आयओएस २६ त्यावर चालतं. इतकी वर्षं प्रणाली नवी राहिली की नवे खेळही उघडत राहतात. अँड्रॉइडमध्ये गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ पासून सात वर्षांची हमी दिली आहे. पण ही झाली महागड्या फोनची गोष्ट. स्वस्त फोनसाठी अनेक कंपन्या दोन-तीन मोठे अपडेट देऊन थांबतात. डब्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर हा आकडा लिहिलेला नसेल तर तो कमीच आहे असं धरून चाला.

नवी प्रणाली जुने खेळ मोडूही शकते. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिट पद्धतीने लिहिलेले सगळे खेळ आयफोनवर उघडेनासे झाले. ज्यांच्या निर्मात्यांनी ते नव्याने लिहिले नाहीत ते पैसे देऊन घेतलेले असूनही कायमचे गेले. अँड्रॉइडवर हा बदल सावकाश झाला आणि जुने खेळ बरीच वर्षं चालत राहिले.

पंचवीस हजारांचा हिशेब

आता हे सगळं एका ग्राहकाला लावून पाहू. समजा साताऱ्यातला अकरावीतला एक मुलगा आहे. घरच्यांनी पंचवीस हजार रुपये काढून ठेवलेत. तो बीजीएमआय चौघांच्या स्क्वॉडमध्ये खेळतो, आजवर वडिलांच्या अँड्रॉइडवर खेळत आला आणि फोन किमान तीन वर्षं वापरायचा आहे. मित्र सांगतात, जुना आयफोन घे, तो कधी हँग होत नाही.

या पैशांत आयफोन हवा तर तो वापरलेला आणि काही वर्षं जुना असणार. त्याची स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे Extreme च्या पुढे जाण्याचा प्रश्नच नाही. त्यानंतर बॅटरी. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांची बॅटरी ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावर तिची क्षमता ८० टक्के राहावी अशी तिची रचना असते, असं ॲपलच सांगतं. रोज खेळणाऱ्याच्या हातात पाचशे फेऱ्या दीड-दोन वर्षांत होतात. बॅटरी फारच थकली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून आयओएस चिपचा जोर कमी करू शकतं. म्हणजे ज्या वेगासाठी जुना आयफोन घेतला तोच वेग जाऊ शकतो. म्हणून सेटिंग्जमध्ये बॅटरी विभागात Maximum Capacity चा आकडा पाहिल्याशिवाय वापरलेला आयफोन घेऊ नये. तो ८५ च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरावा. आकडा शंभर असेल आणि फोन चार वर्षांचा असेल तर बॅटरी बदललेली आहे. ती मूळ आहे का हे सेटिंग्जच्या About मधल्या भागांच्या नोंदीत पाहावं. प्रणालीचे किती अपडेट उरलेत तेही मोजावं. आयफोन ११ घेतला तर त्याचे पुढचे दिवस थोडेच.

त्याच पैशांत नवा अँड्रॉइड मिळतो. १२० हर्ट्झची स्क्रीन, नवी बॅटरी, एक वर्षाची वॉरंटी. वडिलांच्या फोनवरचं प्ले गेम्सचं लॉगिनही इथे तसंच चालेल. राहिला प्रश्न मॉडेलचा. त्यासाठी मुलाने दुकानात जाण्याआधी तीन कामं करावीत. ज्याच्याकडे तेच मॉडेल आहे अशा कुणाच्या तरी फोनवर बीजीएमआयची Frame Rate ची ओळ पाहावी. Extreme+ दिसलं तर उत्तम. Show refresh rate चालू करून सामन्यात आकडा किती राहतो ते पाहावं. आणि अंतर्गत साठवण किती व कोणत्या प्रकारची, हे विचारावं: १२८ जीबी ही किमान, २५६ जीबी चांगली, कारण खेळ आता काही जीबींपासून तीस जीबींपर्यंत जागा खातात आणि मेमरी कार्डवर ते सहसा हलवता येत नाहीत. साठवण ‘यूएफएस’ प्रकारची असावी. ‘ईएमएमसी’ असेल तर नकाशा उघडेपर्यंत बाकीचे मित्र विमानातून उडी मारून खाली पोचलेले असतील.

या मुलासाठी उत्तर स्पष्ट आहे: नवा अँड्रॉइड, आणि तोही यादीत नाव असलेलं मॉडेल.

बजेट साठ हजारांच्या आसपास असेल तर निवड खेळावर ठरते. नेमबाजीचे स्पर्धात्मक खेळ हाच जीव की प्राण असेल तर ६० हर्ट्झचा आयफोन घेण्यात अर्थ नाही. या पैशांत अँड्रॉइडमध्ये १२० हर्ट्झची उत्तम स्क्रीन आणि चार्जिंग वळवण्याची सोय दोन्ही मिळू शकतात. जुन्या यंत्रांचे खेळ आवडत असतील तरी अँड्रॉइडच. बजेट ऐंशी हजारांच्या पुढे जात असेल, कॉन्सोलवरचे मोठे खेळ हवे असतील आणि फोन पाच-सहा वर्षं वापरायचा असेल, तर आयफोन १७ किंवा १५ प्रोनंतरचं एखादं प्रो मॉडेल हा भरवशाचा पर्याय आहे. एक मात्र करा: खेळ पहिल्यांदा उघडताना दोन्ही प्रणालींवर चालणारं लॉगिन जोडा आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्या कुणालाही देऊ नका.